कंट्रोल व्हॉल्व्ह सीव्हीत बसतो, तरी एका सीझनमध्ये प्लग का खाल्ला जातो?

प्रश्न: सर, आमच्या सोलापूरजवळच्या साखर कारखान्यात एक्झॉस्ट कंडेन्सेट पंपाने डिएरेटरला जातं, ११० डिग्री, ४० घनमीटर तासाला. पंपाच्या डिस्चार्ज गेजवर ७ दाखवतंय, डिएरेटर वर १० मीटरला आहे, ०.२५ बार गेजवर चालतो. लेव्हलचा २ इंची ग्लोब व्हॉल्व्ह खाली पंपाजवळ आहे, रेटेड सीव्ही ४६, एफएल ०.९. दगड खडखडल्यासारखा आवाज येतो आणि एका सीझनमध्ये प्लग पार गेला. व्हेंडर म्हणतो सीव्हीत एकदम बरोबर बसतो. स्टेलाइटचा ट्रिम टाकू, मोठा व्हॉल्व्ह घेऊ, का बटरफ्लाय लावू?

उत्तर:

तिन्हीतलं काहीच लगेच घेऊ नका. व्हेंडर सीव्हीबद्दल खोटं बोलत नाहीये, पण सीव्ही म्हणजे व्हॉल्व्हमधून पाणी जाईल का एवढंच सांगणारा आकडा आहे, जाताना व्हॉल्व्हचं काय होईल ते त्यात येत नाही. मी सोलापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांवर आणि को-जनवर बावीस वर्षं इन्स्ट्रुमेंटचं काम करतोय आणि ही केस जवळजवळ दर ओव्हरहॉलिंगला कुठे ना कुठे बघतो, म्हणून तुमच्याच आकड्यांवर नीट करून दाखवतो.

पहिलं काम, सगळे दाब अ‍ॅब्सोल्यूटमध्ये आणा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर वर आहे, इथे वातावरणाचा दाब ०.९६ बारच्या आसपास असतो, म्हणजे गेजवरचे ७ म्हणजे अंदाजे ८ बार अ‍ॅब्सोल्यूट. डिएरेटर १.२ वर, त्यात स्प्रे नोझलचा थोडा लॉस धरून १.३, आणि ११० डिग्रीच्या पाण्याचा १० मीटर उभा कॉलम म्हणजे ०.९३ बार. मग खाली व्हॉल्व्हच्या आउटलेटला साधारण २.२ बार येतात. व्हॉल्व्हवर पडणारा ड्रॉप झाला ५.८ बार. आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे ११० डिग्रीला पाण्याचा व्हेपर प्रेशर, १.४३ बार. हा आकडा डेटाशीटवर रिकामा सोडलेला असेल तर पुढचं सगळं वाया गेलं असं समजा.

आता साधा सीव्ही काढू. सीव्ही म्हणजे १ पीएसआय ड्रॉपला मिनिटाला किती यूएस गॅलन पाणी जाईल ते, आणि बार व घनमीटरमध्ये काम करताना केव्ही काढून १.१५६ ने गुणायचं.

```
Kv = Q * sqrt(SG / dP)
   = 40 * sqrt(0.951 / 5.8) = 16.2
Cv = 1.156 * 16.2 = 18.7
```

४६ च्या व्हॉल्व्हमध्ये १८.७, इक्वल परसेंटेज ट्रिम असेल तर व्हॉल्व्ह ७५-८० टक्के उघडा राहतो, एकदम छान जागा. व्हेंडरने इथपर्यंत केलं आणि फाइल बंद केली.

पण पाणी प्लग आणि सीटच्या मधल्या फटीतून जाताना वेग घेतं, आणि वेग वाढला की तिथला दाब आउटलेटच्याही खूप खाली जातो. फटीच्या किंचित पुढे, जिथे धार सगळ्यात बारीक होते, तिथे दाब सगळ्यात कमी असतो, आणि पुढे धार पसरली की वेग कमी होऊन दाब परत वर येतो. हा परत वर येणारा भाग किती हे एफएल सांगतो. एफएल जितका १ च्या जवळ, तितकी ही परत वसुली कमी, आणि कॅव्हिटेशनसाठी तेच बरं. तुमच्या व्हॉल्व्हला ०.९, म्हणजे धारेतला ड्रॉप हा दिसणाऱ्या ड्रॉपच्या १/०.८१ पट. ५.८ भागिले ०.८१ म्हणजे ७.१६ बार. ८ मधून ७.१६ गेले, उरले ०.८४. आणि पाणी १.४३ लाच उकळतंय! म्हणजे गेजवर इनलेटला ७ आणि आउटलेटला सव्वा बार दिसतोय, पण मधल्या फटीत पाणी उकळून वाफेचे बुडबुडे तयार होतायत, आणि दोन बोटं पुढे गेलं की दाब २.२ झाल्यावर तेच बुडबुडे फुटतायत. हे कॅव्हिटेशन. बुडबुडा धातूला चिकटून फुटतो तेव्हा पाण्याची एक सुईसारखी धार थेट धातूवर आदळते, आणि असे असंख्य बुडबुडे दिवसरात्र.

प्रत्यक्षात दाब ०.८४ पर्यंत जात नाही, व्हेपर प्रेशरच्या थोडंसं खाली आला की बुडबुड्यांनी फट भरते आणि फ्लो चोक होतो, म्हणजे पुढे आउटलेटचा दाब कितीही कमी केला तरी फ्लो वाढत नाही. आयईसी ६०५३४ मधला चोकचा फॉर्म्युला हा, यात P1 म्हणजे इनलेटचा दाब, Pv व्हेपर प्रेशर आणि Pc पाण्याचा क्रिटिकल प्रेशर:

```
FF = 0.96 - 0.28 * sqrt(Pv / Pc)
   = 0.96 - 0.28 * sqrt(1.43 / 221) = 0.937
dP_choked = FL^2 * (P1 - FF * Pv)
          = 0.81 * (8 - 0.937 * 1.43) = 5.4 bar
```

म्हणजे ५.८ पैकी सीव्हीच्या हिशोबात वापरता येणारे फक्त ५.४. आता ५.४ टाकून सीव्ही परत काढा, १९.४ येतो. आधी १८.७ होता. फरक चार टक्के! इथेच सगळे फसतात, कारण साइझिंगमध्ये चोकचा परिणाम जवळजवळ दिसतच नाही, व्हॉल्व्ह २ इंचीच राहतो, उघडाही तेवढाच राहतो, कागद स्वच्छ दिसतो आणि प्लग मात्र खाल्ला जातो.

तुमच्या व्हेंडरकडून ती साइझिंग शीट परत मागवा आणि टेम्परेचरचा रकाना बघा, बहुतेक तिथे ८० लिहिलेलं सापडेल. मी हे दोन ठिकाणी बघितलंय. ८० डिग्रीला व्हेपर प्रेशर ०.४७ बारच असतो, तो टाकला की चोकची मर्यादा ६.१ येते, ५.८ त्याच्या आत बसतो आणि सॉफ्टवेअर हिरवं दाखवतं. बाकी सगळं तेच, फक्त ३० डिग्रीचा फरक. आणि त्यातही एक गोम आहे, चोक झाला नाही म्हणजे कॅव्हिटेशन नाही असं नसतं. कॅव्हिटेशन चोकच्या बरंच आधी सुरू होतं, कारण भोवऱ्यांच्या पोटात दाब सरासरीपेक्षा खूप खाली जातो. त्यासाठी सिग्मा काढायचा, इनलेट दाबातून व्हेपर प्रेशर वजा करून त्याला ड्रॉपने भागायचं. तुमचा येतो ६.५७ भागिले ५.८, म्हणजे १.१३. साध्या ग्लोबला मोघमपणे २ च्या वर असला तर निवांत, दीडच्या खाली गेला की नुकसानीची पक्की भीती, आणि १ च्या खाली गेला तर ते कॅव्हिटेशन राहत नाही, फ्लॅशिंग होतं. ज्या व्हॉल्व्हचा विचार करताय त्याच्या मेकरने स्वतःच्या टेस्टवरून सिग्माची मर्यादा दिली असेल तर माझा मोघम आकडा सोडा आणि ती धरा.

फ्लॅशिंग वेगळं कसं, तर तिथे आउटलेटचाच दाब व्हेपर प्रेशरच्या खाली असतो, त्यामुळे तयार झालेली वाफ परत पाणी होतच नाही, वाफ-पाण्याचं मिश्रण तसंच पुढे पाइपमध्ये पळतं. दोन्हीचा घाव हातात घेऊन ओळखता येतो. प्लग धुवून उजेडात धरा आणि अंगठा फिरवा. कॅव्हिटेशनचा भाग खरखरीत असतो, भट्टीतल्या क्लिंकरसारखा, बारीक बारीक खड्डे एकमेकांत गेलेले, नख अडकतं. फ्लॅशिंगचा भाग गुळगुळीत असतो, नदीतल्या गोट्यासारखा, धुपून घळी पडल्यासारख्या पण चकचकीत. आवाजही वेगळा, कॅव्हिटेशनला पत्र्यावर भाजलेल्या शेंगा ओतल्यासारखा खडखडाट, फ्लॅशिंगला नुसता सुसाट सूं आवाज. तुम्ही दगड खडखडल्यासारखा म्हणताय, आणि आकडेही तेच सांगतायत, त्यामुळे मला शंका नाही.

आता तुमचे तीन पर्याय.

बटरफ्लाय अजिबात नको. पूर्ण उघड्याला त्याचा एफएल ०.६ च्या आसपास असतो, बॉल व्हॉल्व्हचंही तसंच, कारण त्यात पाणी सरळ जातं आणि दाबाची वसुली जोरात होते. ०.६ चा वर्ग ०.३६, म्हणजे चोकची मर्यादा ५.४ वरून एकदम २.४ बारवर येते. समजा कुणी वरचाच १८.७ सीव्ही धरून तो घेतला, तर पूर्ण उघडून ४० ऐवजी २५-२६ घनमीटरच जाईल आणि डिएरेटरची लेव्हल खाली खाली जात राहील. मग ऑपरेटर बायपास उघडतो आणि सीझनभर बायपासवर चालवतो, हे तुम्हीही कुठेतरी बघितलं असेलच. कमी उघड्यावर एफएल सुधारतो हे खरं आहे, पण त्यासाठी मोठा घेऊन चिमटीत चालवावा लागेल आणि मग कंट्रोल नीट राहत नाही.

मोठा ग्लोब घेतल्याने ड्रॉप बदलत नाही, ५.८ हा पंप आणि डिएरेटरने ठरवलेला आहे, व्हॉल्व्हने नाही. उलट तो जास्त मिटून चालेल आणि सगळा मारा सीटच्या कडेवर येईल. स्टेलाइट टाका, टाकायलाच पाहिजे, पण तो वेळ वाढवतो, कारण काढत नाही. एका सीझनचे दोन-तीन होतील इतकंच.

खरी गोष्ट अशी आहे की तुमच्या लाइनला ८ बारची गरजच नाही. वर पोचवायला २.२ लागतात, व्हॉल्व्हला कंट्रोल करायला दीड बार पुरे, म्हणजे ३.७ वर भागतं. सक्शनला टाकी आणि उंची धरून २ बार अ‍ॅब्सोल्यूट असतील असं मानलं, तर आत्ताचा पंप साधारण ६५ मीटर हेड देतोय आणि काम २० मीटरचं आहे. बहुतेक दुसऱ्या कामाचा पंप कधीतरी इथे आणून बसवलाय. ३.७ ला हिशोब बघा. ड्रॉप १.५, भागिले ०.८१ म्हणजे १.८५, ३.७ वजा १.८५ उरतात १.८५ बार, १.४३ च्या वर! धारेतसुद्धा सरासरी दाब उकळायच्या खाली जात नाही. सिग्मा १.५ येतो, म्हणजे भोवऱ्यांतलं थोडंफार कॅव्हिटेशन राहील, पण फटीतला वेगही सेकंदाला ३७ मीटरवरून २० वर येतो, त्यामुळे जे राहील त्याचा जोर फार कमी. सीव्ही ३७ लागतो, तुमच्या ४६ च्या व्हॉल्व्हमध्ये तो ९४ टक्के उघड्याला मिळतो. हे जरा घट्ट आहे, गाळप वाढवायचा विचार असेल तर ३ इंची बघा, पण आत्ताच्या ४० ला चालतंय. शिवाय व्हॉल्व्हवर जे ४.३ बार फुकट जाळताय ते पंपाची एफिशियन्सी ६० टक्के धरली तर ८ किलोवॉटच्या आसपास होतात, १२० दिवसांच्या गाळपात २३ हजार युनिट. हा आकडा चीफ इंजिनिअरसाहेबांपुढे ठेवा, व्हॉल्व्हपेक्षा तो लवकर पटतो.

इथे लगेच कुणीतरी म्हणेल व्हीएफडी लावा आणि स्पीड कमी करा. जरा थांबा. ६५ मीटरच्या पंपाला २० मीटरवर आणायचं म्हणजे स्पीड जवळजवळ अर्ध्यावर येतो, आणि फ्लो मात्र तोच ४० हवाय, म्हणजे त्या कमी स्पीडच्या कर्व्हवर तुम्ही पार उजव्या टोकाला, कधीकधी कर्व्हच्या बाहेरच जाता. तिथे पंपाला लागणारी एनपीएसएच, म्हणजे पाणी पंपात उकळू नये म्हणून सक्शनला व्हेपर प्रेशरच्या वर लागणारा जादा दाब, झपाट्याने वाढते. तुमचं पाणी ११० डिग्रीचं, उकळायच्याच टोकावर, सक्शनला एनपीएसएच मिळते ती फक्त टाकीच्या उंचीची. मग व्हॉल्व्हचं कॅव्हिटेशन घालवता घालवता ते पंपाच्या इम्पेलरमध्ये आणून बसवाल. मी एका ठिकाणी हे होताना बघितलंय, व्हॉल्व्ह शांत झाला म्हणून सगळे खूश, आणि पंधरा दिवसांत पंप खडखडायला लागला. म्हणून आधी पंपाचा कर्व्ह काढा, ४० घनमीटरला स्पीड किती खाली आणता येतो ते त्यावर बघा. ५-५.५ बारपर्यंत आलं तरी चालू सीझन निघेल, पण कायमचा इलाज म्हणजे ऑफ सीझनला २०-२५ मीटर हेडचा योग्य पंप.

पंप बदलणं मॅनेजमेंटला मान्यच नसेल, तर अँटी-कॅव्हिटेशन ट्रिम. त्यात पाणी एका फटीतून न जाता दोन-तीन टप्प्यांतून जातं आणि प्रत्येक टप्प्याला थोडा थोडा दाब पडतो, त्यामुळे कुठेच उकळायच्या खाली जात नाही. चांगली वस्तू आहे, पण तुमच्या मेकरकडून ८ ते २.२ आणि ११० डिग्री हे आकडे देऊन लेखी घ्या. आणि याची भोकं बारीक असतात, साखर कारखान्याच्या कंडेन्सेटमध्ये गंज आणि स्केल येतोच, सीझन सुरू होताना तर लाल पाणी येतं, त्यामुळे आधी बारीक जाळीचा स्ट्रेनर नसेल तर आठवड्यात ट्रिम चोंदेल. व्हॉल्व्हच्या पुढे ऑरिफिस प्लेट टाकून ड्रॉप वाटून घ्यायची एक स्वस्त युक्ती लोक सांगतात, पण ऑरिफिसचा ड्रॉप फ्लोच्या वर्गाने कमी होतो. ४० ला २ बार घेणारी प्लेट १५ घनमीटरला ०.२८ बारच घेते, म्हणजे गाळप कमी असताना सगळा भार परत व्हॉल्व्हवरच.

तुमचे फिटर कदाचित म्हणतील की व्हॉल्व्ह वर डिएरेटरजवळ नेऊ, वर जागा आहे, मेंटेनन्सला बरं. याने काय होतं ते समजून घ्या. वर आउटलेटला १० मीटरचा कॉलम नाही, दाब १.३ च राहतो, तो १.४३ च्या खाली. कॅव्हिटेशन संपलं आणि फ्लॅशिंग सुरू झालं! इथे अँटी-कॅव्हिटेशन ट्रिमला पैसे घालू नका, कारण शेवटचा दाबच खाली आहे, किती का टप्पे करा, वाफ होणारच. वाफ वजनाने फक्त अर्धा टक्का होते, ऐकायला काहीच वाटत नाही, पण त्या अर्ध्या टक्क्याने मिश्रणाचं आकारमान आठ पट होतं. २ इंची पाइपमध्ये सेकंदाला ५ मीटरने जाणारं पाणी ४० मीटरने पळायला लागतं, आणि पुढे पहिलंच एल्बो आलं तर ते सहा महिन्यांत कागदासारखं पातळ होतं. तरीसुद्धा हा पर्याय वाईट नाही, नीट केला तर. अँगल बॉडीचा व्हॉल्व्ह घ्यायचा, कडक ट्रिम टाकायचा आणि तो डिएरेटरच्या नोझललाच जोडायचा, मध्ये एल्बो नाही, पाइपचा तुकडा नाही, म्हणजे मिश्रण थेट भांड्यात मोकळं होतं, धातूला घासत नाही. आतल्या स्प्रेची रचना या मिश्रणाला चालते का ते डिएरेटरवाल्याला आधी विचारा. सीव्ही काढताना इथेही चोकचाच ड्रॉप घ्यायचा. वर इनलेटला ६.९ च्या आसपास राहतील, मर्यादा येते ४.५ बार, सीव्ही २१.

प्लग आता बाहेर काढलेलाच असेल तर दोन गोष्टी करून ठेवा. सीटच्या कडेला आणि बॉडीच्या आउटलेट बाजूला बॅटरी मारून बघा, बॉडीत खड्डे गेले असतील तर नुसता ट्रिम बदलून उपयोग नाही, जाडी मोजून घ्या. आणि व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना गेज टॅपिंग करा, आउटलेटचं पाइपच्या सहा-सात डायमीटर पुढे, सायफनसकट. मी २.२ काढलाय तो कागदावर, तुमच्या लाइनला चार एल्बो आणि एक अर्धवट उघडा गेट व्हॉल्व्ह असेल तर तो २.८ सुद्धा निघेल, मग सिग्मा आणि सगळाच हिशोब बदलतो. फुल गाळपाला दोन्ही गेज आणि टेम्परेचर एकाच वेळी वाचून इथे टाका, त्या आकड्यांवर नव्या पंपाचं हेड पक्कं करून देतो.